माळ, कमंडलू, जटा दिसल्या की ऋषी म्हणायचं का? मंदिराच्या भिंतीवरच्या तीन मूर्ती

गोदाकाठची_मीरा

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यात माझ्या आजोळजवळ एक यादवकालीन शिवमंदिर आहे. शिखर पडलंय, पण भिंती बऱ्यापैकी शाबूत आहेत. तिथल्या तीन मूर्तींवरून घरात वाद चाललाय, म्हणून हा धागा. फोटो चढत नाहीयेत, तेव्हा शब्दांत सांगते.

पहिली मूर्ती गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर, अगदी कोपऱ्याला आहे. उभी, टोकदार दाढी, सुटलेलं पोट. उजवा हात छातीशी, त्यात माळ. डावा हात खाली सोडलेला, त्यात भांडं. पायाशी काहीतरी जनावर आहे, पण झिजलंय. गावात हिला ‘अगस्ती बाबा’ म्हणतात आणि शेंदूर लावतात. अकोल्याचे अगस्ती ऋषी आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे ते नाव पडलं असावं. माझा भाऊ म्हणतो, हा ब्रह्मदेव.

दुसरी सभामंडपातल्या खांबाच्या खालच्या चौकटीत आहे, वीतभर उंचीची. मांडी घातलेला माणूस, गुडघ्यांभोवती पट्टा, एक हात वर, समोर दोन लहान आकृती.

तिसरी सुटी आहे, पिंपळाखाली ठेवलेली. कमरेपासून वरचाच भाग उरलाय. डोक्यावर उंच जटा, दोन्ही हात तुटलेले, खांद्यालगत काठीसारखं काहीतरी वर गेलंय.

यातले ऋषी कोणते आणि देव कोणते, हे कशावरून ठरवायचं?

विश्वासराव_पुणे

सोपं आहे. आपल्याकडे देव नेहमी तरुण दाखवतात. राम, कृष्ण, विष्णू, शंकर, कुणालाही दाढी नाही. दाढी दिसली की माणूस, म्हणजे ऋषी. माळ आणि कमंडलू हा तर तपस्व्याचा संसारच. पहिली मूर्ती ऋषीची, अगस्तीच. अगस्ती बुटके आणि पोट सुटलेले दाखवतात, ते इथे जुळतंय.

टाकीचा_घाव

विश्वासराव, अगस्तींचं वर्णन तुम्ही बरोबर दिलंत. पण दाढीचा नियम दोन देवांपाशी मोडतो आणि नेमके तेच दोघे माळ आणि कमंडलू धरतात. एक ब्रह्मा, दुसरा अग्नी. आपल्या दख्खनी मंदिरांवर दोघेही सर्रास दाढीवाले असतात.

माझ्या मते हातातल्या वस्तूंवरून सुरुवात केली की घोळ होतो. माळ आणि कमंडलू ही तपाची खूण आहे, माणसाची नव्हे. तप देवही करतात, पार्वतीसुद्धा करते. मी आधी अंगावरचे दागिने बघतो. गळ्यात हार, दंडावर केयूर, पोटावर उदरबंध, कमरेच्या मेखलेला लोंबणाऱ्या माळा, डोक्यावर मुकुट किंवा मुकुटासारख्या बांधलेल्या रेखीव जटा, असं असेल तर तो देव, किंवा निदान देवाच्या परिवारातला. तपस्व्याच्या अंगावर यातलं काही नसतं. गळ्यात रुद्राक्ष, दंडावर रुद्राक्ष, कमरेला लंगोटी नाहीतर आखूड वस्त्र, बस्स. जानवं दोघांनाही असतं, त्यामुळे त्यावर काही ठरत नाही.

मीराताई, पहिल्या मूर्तीबद्दल तीन गोष्टी सांगा. गळ्यात आणि दंडावर काय आहे? खांद्यांच्या मागे तुटक्या हातांचे खुंट दिसतात का? आणि कोपरा कोणत्या दिशेचा? दिशा होकायंत्रावर बघा, मोबाइलमधलं चालेल. दाराच्या डावी-उजवीकडे असं नको, कारण मंदिर पश्चिमाभिमुख असेल तर सगळा हिशेब उलटा होतो.

नालासोपाऱ्याचा_सागर

ब्रह्मदेव बघायचा असेल तर आमच्या नालासोपाऱ्याला या. चक्रेश्वर महादेवाच्या देवळापाशी ब्रह्म्याची मोठी उभी मूर्ती आहे, शिलाहार काळातली मानतात. समोरचं मुख, दोन बाजूंना दोन मुखं, चौथं मागे, म्हणजे दिसत नाही. एकदा ती पाहिली की ब्रह्मा विसरणं शक्य नाही. मीराताईंच्या मूर्तीला एकच तोंड असेल तर ब्रह्मा कसा होईल?

टाकीचा_घाव

सागर, बरोबर. फक्त एक काळजी घ्यायची. भिंतीतल्या उठावात बाजूची मुखं कानाला चिकटून, अगदी पातळ कोरलेली असतात आणि तीच आधी झडतात. म्हणून ‘एकच तोंड आहे’ म्हणण्याआधी दोन्ही कानांमागे बघावं. तिथे दगड नुसता सपाट आहे की नाकाडाचा, गालाचा उंचवटा राहिलाय? ब्रह्मा असेल तर पायाशी हंस हवा, आणि तो बहुधा भिंतीच्या मधल्या मोठ्या देवकोष्ठात असतो. कोपऱ्यात उभं राहण्याचं काम दुसऱ्यांचं.

गोदाकाठची_मीरा

आज पुन्हा जाऊन आले. कोपरा आग्नेयेचा आहे. मंदिर पूर्वाभिमुख आहे.

गळ्यात दोन पदरी हार आहे, शेंदराखाली असल्यामुळे फोटोत कळत नव्हता. दंडावर काहीतरी कडं आहे. खांद्यांमागे दोन्ही बाजूंना खुंट आहेत, म्हणजे चार हात असावेत. कानांमागे दगड सपाट आहे, पण डोक्याच्या मागे सगळीकडून लाटांसारखे टोकदार आकार वर गेलेत. मला आधी वाटलं केस विस्कटलेत. जनावर अजूनही कळलं नाही. शेंदूर खरवडून बघू का?

टाकीचा_घाव

खरवडू नका! शेंदूर तेलात कालवून लावलेला असतो, तो दगडात मुरतो. खरवडताना वरचा झिजलेला पापुद्राही निघून येतो आणि जनावर कायमचं जातं. पूजेतली मूर्ती आहे, गावकऱ्यांनाही ते आवडणार नाही. खडू किंवा पीठ चोळून रेषा उठवायचा उद्योगही करू नका.

संध्याकाळी अंधार पडल्यावर विजेरी घेऊन जा. विजेरी मूर्तीसमोर न धरता भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग खालून. नखभर खोलीची रेषाही सावलीने उठून दिसते. जनावराचं फक्त डोकं बघा. शिंग कानामागून वळून पुढे गालाकडे येत असेल तर मेंढा. शिंगं लांब, मागे झुकून पसरलेली असतील तर रेडा. चोच असेल तर हंस.

आणि तिथेच आहात तर दक्षिणेच्या भिंतीवर पुढची मोठी मूर्ती कोणती आहे तेही बघा. तिच्या हातात दंड आहे का?

विश्वासराव_पुणे

दंड असेल तर तो तरी ऋषी ना? दंड-कमंडलू ही जोडी संन्याशाचीच.

टाकीचा_घाव

मीराताईंना बघून येऊ द्या, मग बोलू. जागेचं उत्तर जागेवरच मिळालेलं बरं.

चेन्नईची_अनघा

मी लग्नानंतर चेन्नईत आले, महाबलीपुरम जवळ आहे, म्हणून थोडं तिकडचं सांगते. विश्वासरावांची ‘देवाला दाढी नाही’ ही गोष्ट इकडे ब्रह्म्यापुरती खरी ठरते. तमिळ मंदिरांत ब्रह्मा बिनदाढीचा असतो, तरुण चेहऱ्याचा. म्हणजे प्रांत बदलला की एकाच देवाचा चेहरा बदलतो. अगस्तीही इकडे भरपूर. ठेंगणे, पोटाचा घेर, दाढी, हातात कमंडलू. पण अंगावर राजेशाही दागिने आणि मागे दोन जादा हात असे अगस्ती मला कधी दिसले नाहीत.

तपस्वी आणि देव शेजारी शेजारी बघायचे असतील तर महाबलीपुरमचा तो मोठा उघडा शिलापट बघावा, सातव्या शतकातला, पल्लवांचा. वरच्या भागात एक तपस्वी एका पायावर उभा आहे. हात डोक्यावर नेऊन बोटं गुंफलेली, तळवे आकाशाकडे. बरगड्या मोजता येतील इतक्या वर आलेल्या, पोट खपाटीला, दाढी वाढलेली. त्याच्याशेजारी शिव उभा आहे. त्यालाही जटाच, पण त्या मुकुटासारख्या नीट उभ्या बांधलेल्या. चार हात, भरलेलं अंग, दागिने, एक हात वर देणारा, जवळ गण. आणि तो त्या तपस्व्यापेक्षा चांगलाच मोठा कोरलाय. हा तपस्वी अर्जुन की भगीरथ, यावर वाद अजून चालू आहे, पण तो तपस्वी आहे आणि शेजारचा देव आहे, यावर कुणाचं दुमत नाही.

खाली एक छोटं देऊळ कोरलंय, आत विष्णू, बाहेर एक म्हातारा ऋषी पाठीत वाकून बसलेला. आणि अजून खाली एक मांजर! तेही मागच्या पायांवर उभं, पुढचे पंजे डोक्यावर, भोवती उंदीर. शिल्पकाराने तपस्व्याची नेमकी खूण कोणती मानली, ते त्या मांजरावरून कळतं. माळ नाही, कमंडलू नाही, जटा नाहीत, नुसती उभं राहण्याची पद्धत. तेवढ्यावर बघणाऱ्याला ते तप कळतं.

शिळाप्रेमी_सातारा

छान विषय. आमच्या गावात मारुतीच्या पारावर एक दगड आहे. खाली लढाई, मधे बायका एका माणसाला वर नेतायत, सगळ्यात वर पिंड आणि तिच्याशेजारी जटा बांधलेला एक साधू बसलाय. गावात सांगतात की या साधूने तिथे समाधी घेतली. तो ऋषी कोणता असेल? विश्वामित्र म्हणतात काही जण.

टाकीचा_घाव

शिळाप्रेमी, ती वीरगळ आहे. खाली वीर लढताना मेला, मधे अप्सरा त्याला स्वर्गात नेतायत, वरच्या टप्प्यात तो कैलासात शिवाची पूजा करतोय. पिंडीशेजारी जो जटावाला दिसतो तो पूजा करणारा शैव पुरोहित. नीट बघा, बऱ्याचदा त्याच्या एका हातात घंटा असते. पिंडीच्या दुसऱ्या बाजूला हात जोडून बसलेला तो वीर. वीरगळ त्या लढवय्याची, पुरोहिताची नाही. शेजारी चंद्र-सूर्य आहेत का?

शिळाप्रेमी_सातारा

चंद्र-सूर्य आहेत! घंटा बघतो. पण समाधीची गोष्ट आमच्या आजोबांपासून चालत आलीय, ती इतक्या सहज सोडवत नाही. पारावर जुनी समाधीही असू शकते ना?

टाकीचा_घाव

असू शकते की. मी फक्त दगडावर काय कोरलंय ते सांगितलं.

गोदाकाठची_मीरा

मंडळी, विजेरीची युक्ती जबरदस्त आहे. डावीकडून उजेड टाकला आणि शिंग उठून आलं. कानामागून गोल वळून गालाशी आलेलं. मेंढाच!

दक्षिणेच्या भिंतीवरच्या मूर्तीच्या हातात जाड दंड आहे, डोक्यावर मुकुट, आणि पायाशी रेडा अगदी स्पष्ट आहे. मी तिला इतकी वर्षं महिषासुराशी संबंधित काहीतरी समजत होते.

टाकीचा_घाव

मग झालं. रेडा आणि दंड म्हणजे यम, दक्षिणेचा दिक्पाल. त्याच्या आधी आग्नेयेच्या कोपऱ्यात मेंढ्यासह दाढीवाला, पोट सुटलेला, माळ-कमंडलू घेतलेला, म्हणजे अग्नी. तुम्हाला विस्कटलेले केस वाटले त्या ज्वाळा आहेत. तुटलेल्या मागच्या हातांत बहुधा यज्ञात तूप सोडायची पळी किंवा शक्ती नावाचं भाल्यासारखं शस्त्र असणार, पण तुटल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

विश्वासराव, तुमच्या दंडाचं उत्तर इथेच आहे. यमाचा दंड शिक्षेचा आहे, जाड आणि गदेकडे झुकणारा. संन्याशाचा दंड सडपातळ, सरळ, जमिनीला टेकलेला किंवा खांद्याला लावलेला असतो. दगडात दोन्ही ‘काठी’च दिसतात, म्हणून काठीची जाडी, तिचं वरचं टोक आणि धरणाऱ्याच्या अंगावरचे दागिने असं सगळं एकत्र बघायचं.

मीराताई, आता याच क्रमाने पुढे चालत जा. नैर्ऋत्येला निर्ऋती, पश्चिमेला वरुण, वायव्येला वायू, उत्तरेला कुबेर, ईशान्येला ईशान. ईशानापाशी परत गोंधळ होईल, कारण तो शिवाचंच रूप, जटा आणि त्रिशूळ घेतलेला. कुबेराचं पोटही सुटलेलं असतं, पण त्याच्या हातात पैशाची पिशवी असते, आणि झिजली की ती हुबेहूब कमंडलूसारखी दिसते.

विश्वासराव_पुणे

अग्नी मान्य. मेंढ्यापुढे काय बोलणार! पण गावकऱ्यांनी अगस्ती म्हटलं यातही काही तथ्य असेलच. नावं उगाच पडत नाहीत.

कमंडलू_की_कलश

भांड्यावरून आठवलं. हातातलं गोल काहीतरी दिसलं की सगळे कमंडलू म्हणतात. मी तोटी शोधतो. कमंडलूला बाजूला छोटी तोटी असते, वर कडी किंवा अरुंद मान, आणि तो बहुतेक वेळा मानेला धरून मांडीलगत लोंबता असतो. तळहातावर ठेवलेलं गोल असेल तर ते महाळुंगाचं फळ असू शकतं, लक्ष्मीच्या आणि शिवाच्याही हातात ते असतं. तोटी झडून गेली असेल तर निदान तळहात वर आहे की बोटं वरून आवळलेली आहेत, ते तरी पाहता येतं.

इंदूरकर_वहिनी

आमच्या माळव्यात जुन्या देवळांच्या दारावर, वरच्या पट्टीत एका ओळीत उभ्या आकृती असतात. प्रत्येकाच्या हातात माळ आणि कमंडलू. सासूबाई सप्तर्षी म्हणून हात जोडतात. मी मोजल्या तर सातपेक्षा जास्त भरल्या. मग हे कोण?

टाकीचा_घाव

वहिनी, दोन्ही टोकं बघा. एका टोकाच्या आकृतीच्या दोन्ही हातांत उमललेली कमळं असतील तर तो सूर्य. दुसऱ्या टोकाला नुसतं डोकं किंवा छातीपर्यंतचंच अंग असेल तर राहू, आणि कमरेखाली नागाची शेपटी असेल तर केतू. ही नवग्रहांची ओळ आहे. मधल्या ग्रहांच्या हातात माळ-कमंडलू देण्याची पद्धत तिकडे सर्रास आहे, त्यामुळे मधलीच आकृती पाहिली तर ऋषी वाटणारच.

दत्तदास

माझा अनुभव सांगतो. आमच्या घराण्याच्या जुन्या वाड्यात एक हातभर उंचीची पाषाणमूर्ती आहे. एकच मुख, जटा, मांडी घातलेली, माळ आणि कमंडलू. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दत्त म्हणून पूजतो. एका अभ्यासकांनी ती पाहून ‘हा कुणी योगी’ म्हटलं. घरात सगळ्यांना वाईट वाटलं. दत्त एकमुखी असतो की नाही?

टाकीचा_घाव

एकमुखी दत्त नक्की असतो, त्यात शंका नको. हात किती आहेत? सहा असतील तर आपण रोज म्हणतो त्या ध्यानातला क्रम लावून बघा. खाली माळ-कमंडलू, मधे डमरू-त्रिशूळ, वर शंख-चक्र. चार असतील तर एखादं विष्णूचं चिन्ह शोधा, शंख किंवा चक्र. दोनच हात असतील आणि वाहन, शंख, चक्र काहीच नसेल, तर दगडावरून दत्त आणि योगी यांत फरक करता येणार नाही. पूजा ज्याची होते तो देव, त्यासाठी माझ्या मताची गरज नाही.

दत्तदास

दोनच हात आहेत. ठीक आहे. आमच्यासाठी ते दत्तच.

वेरूळवारी

या सगळ्या नियमांना वेरूळचं एक लेणं पुरून उरतं. 21 क्रमांकाचं, रामेश्वर. तिथे शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आहे. मधे लग्न लागतंय, अग्नीसमोर ब्रह्मदेव भटजी होऊन बसलेत. त्याच पटाच्या एका टोकाला पार्वती तप करतेय, भोवती अग्नी पेटलेले, हातात माळ. आणि तिच्याकडे एक तपस्वी येतोय, पाण्याचं भांडं घेऊन. तो म्हणजे वेष पालटून परीक्षा घ्यायला आलेला शिव.

आता टाकीचा_घाव यांचा दागिन्यांचा नियम लावा. तो तपस्वी अगदी साधा आहे. नियमाने तो ऋषी ठरेल, पण आहे देव.

टाकीचा_घाव

मस्त उदाहरण दिलंत. तिथे शिल्पकाराला तो तपस्वीच दिसायला हवा होता, कारण पार्वतीलाही तो ओळखू आलेला नाही. म्हणून त्याने देवाच्या खुणा मुद्दाम काढून घेतल्या. आपण त्याला शिव म्हणतो ते मूर्तीवरून नाही, शेजारच्या प्रसंगावरून. एकटी आकृती कापून कुणी संग्रहालयात ठेवली असती तर पाटीवर ‘तपस्वी’ लिहिलं गेलं असतं आणि ती पाटी चुकीची आहे हे सिद्धही करता आलं नसतं. कथेचा पट असेल तर आधी कथा वाचावी, मग दागिने. माझा नियम भिंतीवर एकेकट्या उभ्या मूर्तींपुरता.

गोदाकाठची_मीरा

दुसऱ्या मूर्तीबद्दल कुणी बोललंच नाही. गुडघ्यांभोवती पट्टा असलेली. तो पट्टा म्हणजे योगी हे नक्की ना?

चेन्नईची_अनघा

पट्ट्यावर जाऊ नका. योगनरसिंहालाही तो पट्टा असतो, इकडे अय्यप्पालाही. बाकी काय दिसतं ते सांगा.

टाकीचा_घाव

अनघाताई म्हणतात ते खरं, योगपट्ट देवही बांधतात. पण मीराताईंच्या वर्णनात जागा, आकार आणि सोबत तिन्ही तपस्व्याकडे बोट दाखवतात. खांबाच्या तळाशी वीतभर चौकटीत आहे, समोर दोन शिष्य आहेत, हात उपदेशाचा आहे. शिष्यांच्या पुढ्यात घडीचं लाकडी ठाणं आणि त्यावर पोथी दिसते का, ते बघा. यादव आणि शिलाहार काळात मठांतले शैव आचार्य असे कोरत. अंबरनाथच्या देवळावरही, जे शके 982 म्हणजे 1060 चं आहे, तपस्व्यांच्या अशा लहान आकृती बघायला मिळतात. त्यांना पुराणातल्या ऋषींची नावं द्यायची घाई करू नये. ते त्या काळातले, हयात असलेले गुरूही असू शकतात.

एक शक्यता मात्र तपासून घ्या, लकुलीश. शिवाचा अवतार मानला गेलेला पाशुपतांचा आचार्य, गुजरातमधल्या कारवणचा. तोही दोनच हातांचा, बसलेला, जटावाला, शिष्यांसह. त्याची खूण म्हणजे हाताच्या कोपरात धरलेला आखूड, जाड सोटा. त्याला लकुट म्हणतात, नाव त्यावरूनच. शिवाय ऊर्ध्वलिंग, आणि कमळाचं आसन. मथुरेच्या एका खांबावरच्या गुप्त संवत 61 च्या, म्हणजे इसवी सन 380 च्या लेखात उदिताचार्य नावाच्या गुरूने स्वतःला कुशिकापासून दहावा म्हटलंय. हा कुशिक लकुलीशाच्या चार शिष्यांपैकी. म्हणजे माणूस म्हणून सुरू झालेली परंपरा आणि देव म्हणून पूजलेली मूर्ती, दोन्ही एकाच आकृतीत. तिथे ‘ऋषी की देव’ हा प्रश्नच नीट लागू होत नाही.

गोदाकाठची_मीरा

सोटा नाही. पोथीचं ठाणं आहे! मी त्याला चौरंग समजले होते. आसन साधं आहे, कमळ नाही.

टाकीचा_घाव

मग आचार्य आणि शिष्य. नाव सांगणारा लेख जवळ नसेल तर इथेच थांबावं.

तिसरीबद्दल. जटा कशा आहेत? रेषा उभ्या आणि पिळाच्या आहेत, की आडवी वळी एकावर एक, उतरंडीसारखी? आडवी असतील तर त्या जटा नसून करंडमुकुट आहे. काळ्या दगडात झीज झाली की दोन्ही सारखंच दिसतं. आणि जटांच्या मधोमध, कपाळाच्या वर काय कोरलंय?

गोदाकाठची_मीरा

रेषा उभ्या आहेत, मधे पट्टीने बांधल्यासारख्या. कपाळाच्या वर छोटं गोल काहीतरी आहे, दोन खड्डे असलेलं. गळ्यात भरपूर दागिने. दोन्ही कानांतली कुंडलं वेगवेगळी वाटतात.

वेरूळवारी

दोन खड्डे म्हणजे कवटी. शिवच! मी तरी पैज लावायला तयार आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यातला अवलोकितेश्वरही जटावाला आहे, पण अवलोकितेश्वराच्या जटांत बसलेला छोटा बुद्ध असतो, कवटी नसते.

टाकीचा_घाव

तपस्वी नाही, इतकं नक्की. दागिने आणि कवटी दोन्ही आहेत. पण पैज लावू नका. कवटी, जटा, दागिने आणि खांद्यालगतचा दंड हे सगळं भैरवालाही असतं आणि शिवाच्या द्वारपालालाही असतं. सगळं त्या काठीच्या वरच्या टोकावर अवलंबून आहे. तीन पाती असतील तर त्रिशूळ, म्हणजे शिव किंवा द्वारपाल. वर कवटी असेल तर खट्वांग, म्हणजे बहुधा भैरव. भैरव असेल तर तोंडाच्या कोपऱ्यात सुळे आणि डोळे वटारलेले असायला हवेत.

गोदाकाठची_मीरा

काठीचं टोक तुटलंय. तोंडाचा भाग घासलेला आहे, सुळे कळत नाहीत. डोळे मोठे आहेत, पण वटारलेले म्हणावेत का, ते मला सांगता येत नाही.

शिळाप्रेमी_सातारा

मूर्तीची उंची किती? द्वारपाल दाराच्या मापाचा असतो, देवकोष्ठातला देव लहान असतो.

टाकीचा_घाव

सातारकरांनी चांगलं सुचवलं. डोक्यापासून कमरेपर्यंत किती भरतं ते मोजा, आणि गाभाऱ्याच्या दाराशी रिकामी जागा उरलीय का तेही पाहा. दगडाची पाठ सपाट घडवलेली आहे की खडबडीत सोडलेली, याचा फोटो काढता आला तर काढा. खडबडीत असेल तर ती भिंतीतून किंवा दारालगतून निघालीय. पाठही नीट घडवलेली असेल तर ती सुटी, पूजेची मूर्ती असू शकते आणि द्वारपालाची शक्यता बरीच कमी होते.

गोदाकाठची_मीरा

पाठ पिंपळाच्या मुळांत अडकली आहे, तिकडून हात जात नाही. उंची मोजून टाकते. मामा म्हणतोय की त्याच्या लहानपणी दाराशेजारी एक तुटकी मूर्ती पडलेली असायची, फक्त पायांची. ती आता कुठे आहे ते गावात विचारते.

विश्वासराव_पुणे

ते पाय सापडले तर आधी पायाशी जनावर आहे का ते बघा. कुत्रा निघाला तर भैरव!